आय हॅव टू

‘बाई, “मी टू” म्हटलं की भागतं ना? मग “सो डू आय” आणि “नायदर हॅव आय” कशाला घोकून घेता?’

भागतं. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही चिडणार नाही. गप्पांमध्ये इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही सर्रास ‘मी टू’ आणि ‘मी नायदर’ म्हणतात. मी तुम्हाला छळते त्याला कारण वेगळं आहे.

शिकवायला लागण्याआधी मी हिशेबाच्या कामात होते. एकदा फोनवर मीटिंग चालली होती. तिमाहीचा तक्ता त्याच संध्याकाळी बाहेर पाठवायचा होता. आमचे वरिष्ठ म्हणाले, ‘आय हॅवन्ट चेक्ड द लास्ट कॉलम.’ मीही तो तपासला नव्हता. मराठीत असते तर ‘मी पण’ एवढंच म्हटलं असतं आणि सगळ्यांना कळलं असतं. मनात त्याचं भाषांतर झालं: मी म्हणजे ‘आय’, पण म्हणजे ‘टू’. आणि शाळेत पाठ केलेला नियमही ऐन वेळी आठवला, समोरच्याचं सहाय्यक क्रियापद उचलायचं. त्यांचं ‘हॅव’ होतं, मी ‘हॅव’ उचललं. ठणठणीत आवाजात म्हणाले, ‘आय हॅव टू.’

पलीकडून आलं, ‘ओह, गुड. देन लेट्स सेंड इट.’

मला वाटलं, शेवटचा कॉलम त्यांना तितका महत्त्वाचा वाटत नसावा. तक्ता गेला. त्या कॉलमची बेरीज आदल्या तिमाहीची राहिली होती. दुसऱ्या दिवशी मला विचारलं गेलं, ‘तुम्ही तपासलं म्हणालात ना?’ मी शपथेवर सांगत होते की असं मी म्हणालेच नव्हते. आणि म्हणाले तर होतेच.

बरीच वर्षं मी याचं खापर फोनवर फोडलं. ‘हॅवन्ट’मधला शेवटचा ‘ट’ बोलताना गिळला जातो, हे खरंच आहे. पण त्या दिवशी मला तो नीट ऐकू आला होता. चूक कानाची नव्हती.

मराठीत कुणी ‘मी नाही तपासलं’ म्हटलं आणि आपण नुसतं ‘मी पण’ म्हटलं, तरी त्यांचा ‘नाही’ आपोआप आपल्याकडे येतो. इंग्रजीत तो येत नाही. ‘आय हॅव’ एकटं उभं राहिलं की त्याचा अर्थ ‘मी तपासलंय’ असाच होतो, आणि त्यापुढचं ‘टू’ त्याला उलट बळकटी देतं. नकार आपण स्वतः बोलून दाखवावा लागतो: ‘नायदर हॅव आय’, किंवा ‘आय हॅवन्ट आयदर’.

म्हणजे नियम मी पाळला होता, पण अर्धाच. सुरुवातीला वर्गात मीही तेवढाच अर्धा शिकवत असे: ‘हॅव’ला ‘हॅव’, ‘कॅन’ला ‘कॅन’, दिसत नसेल तर ‘डू’, भूतकाळ असेल तर ‘डिड’. त्या मीशी माझं अजून भांडण आहे. आधी वाक्य होकाराकडचं की नकाराकडचं ते ठरवा, क्रियापद नंतर. नकार दर वेळी ‘नॉट’ घालून येतो असंही नाही. ‘आय हार्डली एव्हर चेक द टोटल’ यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी उत्तर ‘नायदर डू आय’. ‘हार्डली’नं वाक्य नकाराकडे नेलं, आणि ‘चेक’मागे लपलेलं ‘डू’ आपण बाहेर काढलं.

आणि ‘मी टू’चं म्हणाल, तर तेही तुम्हाला वाटतं तितकं बिनधोक नाही. कुणी म्हणालं, ‘दे ट्रस्ट यू’, आणि तुम्ही म्हणालात ‘मी टू’. माझाही तुझ्यावर विश्वास आहे, की त्यांचा माझ्यावरही आहे? मराठीत ‘माझाही’ आणि ‘माझ्यावरही’ असे दोन वेगळे शब्द हाताशी आहेत, त्यामुळे हा घोळ होतच नाही. ‘सो डू आय’चा मात्र पहिलाच अर्थ निघतो. इथे ते छोटंसं ‘डू’ आपल्या विभक्तीचं काम करून जातं. हे लक्षात आलं तेव्हा त्या रचनेवरचा माझा राग थोडा निवळला. थोडाच.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं मला पकडलं. ‘बाई, तुम्हाला स्वतःला मी कधी “नायदर हॅव आय” म्हणताना ऐकलं नाही.’ खरं आहे. फोनवर ‘हॅवन्ट’ ऐकू आलं की मी अजूनही अख्खं वाक्य म्हणते: ‘आय हॅवन्ट चेक्ड इट.’ वर पुन्हा विचारते, ‘तपासायचंय का?’