आमची वाटचाल : अण्णांचं भिंग आणि सत्तेचाळीसावं पान

सोलापुरात नवी पेठेजवळच्या गाळ्यात आम्ही २००१ साली डीटीपी सुरू केलं. एक कॉम्प्युटर, एक सहाशे डीपीआयचा लेझर, श्रीलिपी आणि मी. भागीदार अण्णा. अण्णा अशोक चौकाकडचे, घरी तेलुगू, बाजारात मराठी. आधी ते जेकार्ड चादरींची डिझाइन ग्राफपेपरवर चौकोन भरून काढायचे. येताना एक पितळी घडीचं भिंग घेऊन आले, कापडातले इंचाचे धागे मोजायचं. डीटीपीत त्याचं काय काम, असं मला तेव्हा वाटलं होतं.

२००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि प्रबंधांची कामं वाढली. ती वर्षं बरी गेली.

मग २००९. एका संस्थेचा विहिरींच्या पाणीपातळीचा अहवाल आला. पाचशे प्रती, ए-फाइव्ह, आत सगळं एकाच काळ्या शाईत. सत्तेचाळीसाव्या पानावर चार तालुक्यांचा आलेख होता : बार्शी लाल, सांगोला हिरवा, करमाळा निळा, मंगळवेढा नारिंगी. आम्ही रंगीत इंकजेटवर प्रूफ दिलं, त्यांनी सही केली, मी लेझरवर ट्रेसिंग काढून प्रेसला पाठवलं. छापून आलं तेव्हा बार्शी आणि सांगोला एकच. रेघाही सारख्या, खालच्या सूचीतले चौकोनही सारखे. अहवालाचा मुद्दाच हा होता, की या दोन तालुक्यांत उन्हाळ्यात पातळी वेगवेगळी उतरते.

त्यांनी अडतीस हजारांचं बिल अडवलं ते आजतागायत. सही त्यांची होती, काळ्या छपाईची ऑर्डरही त्यांचीच होती, हे मी चार वेळा जाऊन सांगितलं. पुढच्या वर्षीचं काम रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलं. त्यानं नुकतंच रंगीत मशीन घेतलं होतं आणि आमचं ते पान तो गिऱ्हाइकांना काढून दाखवायचा. तीन महिने गाळ्याचं भाडं मी बायकोच्या बचतगटातून भरलं. हे मी विसरलेलो नाही.

माझी चूक एवढीच, की एकरंगी छपाईचं प्रूफ मी रंगात दिलं. पण असं का झालं हे कळल्याशिवाय मला झोप येईना. रंगाचा करडा करताना मशीन त्यातला लाल R, हिरवा G आणि निळा B धरून करड्याचा, म्हणजे Y चा, साधारण असा हिशेब करतं :

```
Y = 0.299R + 0.587G + 0.114B
```

त्या आलेखातला लाल `#FF0000`. त्याचा करडा येतो ७६. हिरवा `#008000`, त्याचा येतो ७५. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, मग ७५ आणि ७६ यांत कोणता डोळा फरक करणार? निळा `#0000FF` आला २९, जवळजवळ काळा. नारिंगी `#FFA500` आला १७३, म्हणजे फिका. ड्रायव्हरप्रमाणे आकडे हलतात, पण या हिशेबात ही जोडी जुळलेलीच राहते. लाल-हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसोत, त्यांचा गडदपणा एकच होता. म्हणून सांगतो, रंग निवडायचेच असतील तर गडदपणाच्या पायऱ्या पाडून निवडा : एक गर्द निळा, एक मध्यम नारिंगी, एक फिका पिवळा. आणि चौथा रंग लागला की रंगावरचा भरवसा सोडा.

दुसरी गोष्ट अण्णांच्या भिंगानं दाखवली. त्यांनी ते ट्रेसिंगवर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, ही रेघ नाही, हे तुटलेलं सूत आहे." लेझरला करडी शाई नसते, तो काळ्या ठिपक्यांची जाळी टाकतो. आमच्या मशीनवर इंचाला पंच्याऐंशीच्या आसपास ओळी होत्या. अर्ध्या पॉइंटची रेघ म्हणजे इंचाचा एकशेचव्वेचाळिसावा भाग. रेघ जाळीच्या एका घरापेक्षा बारीक, मग ती अखंड येणार कुठून? मंगळवेढ्याची रेघ म्हणूनच सुटे सुटे ठिपके होऊन पडली होती. तेव्हापासून आमच्याकडे रेघ शंभर टक्के काळीच.

मग फरक दाखवायचा कशानं? अण्णांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल पुढे केला. एकाच पांढऱ्या सुतात फुलं विणलेली. "रंग कुठं आहे? वीण बदलली की फूल दिसतं." त्या रात्री आम्ही तो आलेख पुन्हा काढला, कुणी मागितला नव्हता तरी. बार्शी दीड पॉइंटची सलग रेघ. सांगोला लांब तुकड्यांची. करमाळा बारीक सलग, तिच्यावर दर महिन्याला पोकळ गोल. मंगळवेढा ठिपक्यांची. मे महिन्यात जिथे रेघा एकमेकींना छेदतात, तिथेही कोणती कुठे गेली ते बोटानं दाखवता येत होतं.

सूचीत मात्र पुन्हा फसलो. नमुन्याची रेघ पाच मिलिमीटरची आणि तुकडा चार मिलिमीटरचा, त्यामुळे सूचीत सांगोलाही सलगच दिसायला लागला. नमुन्यात तुकडा आणि फट किमान दोनदा यायला हवी. त्याहून बरं म्हणजे सूचीच काढून टाका आणि तालुक्याचं नाव रेघेच्या टोकाशी लिहा. जागा नसेल तर सूचीतला क्रम तरी रेघांच्या उजव्या टोकांप्रमाणे वरून खाली लावा.

स्तंभालेखालाही टॉवेलचंच तंत्र : एक काळा, एक कोरा, एक तिरप्या रेघांचा, शेजारचा उलट तिरका. रेघा फार दाट घेऊ नका. झेरॉक्सची झेरॉक्स निघाली की त्या लिंपून करडा पट्टा होतो. दहा टक्क्यांचा करडा तिथे उडून जातो आणि सत्तरचा काळा होतो.

अक्षरांचं आमच्या भूगोलाच्या मॅडमनी शिकवलं. त्या बुडत्या वर्षात त्या एकट्याच आमच्याकडे येत राहिल्या, आजही येतात. त्यांच्या एका आकृतीत "पावसाचा खंड" होतं, छापून आलं "पावसाचा खड". आलेख ए-फोरवर केलेला, ए-फाइव्हला बसवताना सत्तर टक्के झाला, म्हणजे दहा पॉइंटचं अक्षर सातचं झालं. त्यातून फाँट बारीक दांड्यांचा आणि अक्षराखाली करडी पट्टी. जाळीच्या ठिपक्यांत अनुस्वार बेपत्ता झाला. रोमन अक्षर सातला तग धरतं, पण देवनागरीच्या डोक्यावर मात्रा, अनुस्वार, रफार असतात. छापील मापात नऊच्या खाली मी जात नाही, दांड्या सारख्या जाडीचा फाँट घेतो आणि अक्षरामागची जागा कोरी ठेवतो. काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर असेल तर ते ठळकच हवं, कारण शाई कडेनं आत सरकते.

आता प्रूफ लेझरवर काळंच निघतं. त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि सही त्या तिसऱ्या कागदावर.

अण्णा गेल्याला सहा वर्षं झाली. भिंग त्यांच्या मुलानं आमच्याकडेच ठेवलं, ते कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला असतं. उरलेल्या प्रती माळ्यावर आहेत. कामाला नवा मुलगा आला की मी सत्तेचाळीसावं पान उघडतो, भिंग हातात देतो आणि विचारतो, यातली बार्शी कोणती?