मुदतवाढ नेमकी कशाला मिळाली होती?

एक सहकारी मॅडम रजेवर गेल्या आणि त्यांच्या वर्गाचे प्रकल्प तपासायचं काम माझ्याकडे आलं. बाकीचं सरळ होतं. एका विद्यार्थ्याच्या नावापुढे मात्र पोर्टलने रिपोर्ट ‘चार दिवस उशिरा’ दाखवून 40 पैकी 16 गुण आपोआप कापले होते. विद्यार्थी म्हणाला, ‘सर, मॅडमनी मुदत वाढवून दिली होती, रिपोर्टलाही आणि प्रेझेंटेशनलाही.’ पुरावा म्हणून त्याने मेलची अख्खी साखळी मला फॉरवर्ड केली.

अशी साखळी वरून वाचायला घेतली की हमखास गोंधळ होतो, कारण सगळ्यात नवा मेल वर असतो आणि कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाला आहे ते कळत नाही. म्हणून मी तळापासून सुरुवात केली आणि प्रत्येक मेलची तारीख कागदावर लिहून घेतली.

मूळ मुदत शुक्रवार, 14 तारीख, रात्री 11:59. प्रेझेंटेशन सोमवारी, 17 ला. विद्यार्थ्याचा पहिला मेल 11 तारखेचा: आजारी आहे, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन दोन्हीला 21 पर्यंत मुदत मिळावी. मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ‘रिपोर्टचा कच्चा मसुदा शुक्रवारी आला तर पक्क्या रिपोर्टला मंगळवारपर्यंत वेळ देते, नाही तर मूळ तारीखच राहील. डॉक्टरांचं प्रमाणपत्र ऑफिसात दे.’

मागितलं होतं 21 पर्यंत, मिळालं मंगळवारपर्यंत. मेल बुधवारी, 12 तारखेला लिहिलेला, म्हणजे हा मंगळवार 18 चा. वेळ लिहिलेली नाही, पण मूळ मुदत रात्री 11:59 ची होती. तारीख पुढे नेताना वेळेबद्दल वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तीच वेळ कायम धरणं मला रास्त वाटतं.

अटींबाबत जरा थांबावं लागलं. मसुद्याच्या वाक्यात ‘तर’ आहे आणि ‘नाही तर’ही आहे, म्हणजे मसुदा आला नाही तर वाढीव मुदतच नाही. प्रमाणपत्राच्या वाक्यात ना ‘तर’ आहे, ना तारीख. ती सूचना झाली. ती पाळायलाच हवी, पण प्रमाणपत्र दिलं नाही एवढ्यावरून मुदतवाढ रद्द झाली असं त्या वाक्यातून निघत नाही. (त्याने ते तोवर दिलेलं नव्हतं.)

प्रेझेंटेशनबद्दल त्या उत्तरात चकार शब्द नाही. विद्यार्थ्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण 13 तारखेच्या मेलमध्ये त्याने दोन प्रश्न विचारले: ‘मसुदा वर्डमध्ये चालेल का? आणि प्रेझेंटेशनही पुढे ढकलता येईल ना?’ त्यावर मॅडमचं उत्तर: ‘हो, वर्ड चालेल. बाकीचं मसुदा बघून सांगते.’

त्याचा सगळा भर या ‘हो’वर होता. पण ‘हो’ वर्डपुरता आहे, ते त्याच वाक्यात लिहिलंय. ‘बघून सांगते’ हा ना होकार, ना नकार. निर्णय पुढे ढकललाय, एवढंच. मग पुढे काय सांगितलं ते बघायचं. मसुदा 14 ला रात्री 10:52 ला गेलेला, फाइल मी उघडून पाहिली. नुसतं मुखपृष्ठ पाठवून अट पूर्ण केल्याचं दाखवणारेही असतात. यात सगळी प्रकरणं होती, आकडेवारी तेवढी अर्धवट. मॅडमचा शेवटचा मेल 15 चा: ‘मसुदा मिळाला. तिसऱ्या प्रकरणातले तक्ते पूर्ण कर.’ प्रेझेंटेशनचा उल्लेख नाही आणि विद्यार्थ्यानेही पुन्हा विचारलेलं नाही. 17 ला तो आला नाही; 19 ला दुसऱ्या तुकडीबरोबर त्याने प्रेझेंटेशन दिलं.

पक्का रिपोर्ट पोर्टलवर 18 ला रात्री 11:20 ला चढवलेला. अट पूर्ण, वेळेत. पोर्टलमध्ये त्याच्यापुरती तारीख कुणी बदललीच नव्हती, म्हणून ते 14 पासून दिवस मोजत राहिलं. ते 16 गुण मी परत दिले आणि शेऱ्यात 12 तारखेच्या मेलचा हवाला दिला.

प्रेझेंटेशनचं तोंडी काही ठरलं असण्याची शक्यता होती. मेलवरून ते कळण्यासारखं नव्हतं, म्हणून मॅडमना एकच प्रश्न पाठवला: ‘15 तारखेनंतर प्रेझेंटेशनच्या तारखेबद्दल याच्याशी काही बोलणं झालं होतं का?’ ‘याच्या मुदतीचं काही आठवतंय का’ असं मोघम विचारलं असतं तर उत्तरही मोघमच आलं असतं. संध्याकाळी उत्तर आलं: ‘नाही. तो परत विचारेल असं वाटलं होतं.’

कोर्सच्या नियमाप्रमाणे दर दिवसाला 10 टक्के कपात. प्रेझेंटेशन 20 गुणांचं, दोन दिवस उशीर, म्हणजे चार गुण वजा. त्याला 15 मिळाले होते, मी 11 नोंदवले. त्याला कळवताना मॅडमची मेलमधली वाक्यं जशीच्या तशी उतरवली आणि खाली लिहिलं की प्रमाणपत्र अजून ऑफिसात जमा व्हायचंय.