गळका नळ, झोपेचं खोबरं आणि घरमालकाला लिहिलेलं पत्र (माझा अनुभव)

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात भाड्यानं राहतो, सबस्टेशनला ऑपरेटर आहे, शिफ्ट ड्युटी, म्हणजे झोप ज्या वेळेला मिळंल त्या वेळेला घ्यायची. घर चांगलं आहे, स्लॅबचं, दोन खोल्या, समोर ओटा, भाडं तीन हजार. घरमालक काकाजी अमरावतीले मुलाकडे राहतात, पेरणी-सोंगणीच्या टायमाले गावात येतात. सगळं ठीक होतं, फक्त बाथरूमचा नळ गळायचा, आणि बाथरूमची भिंत म्हणजे माझ्या उशाची भिंत. रात्री गाव शांत झालं की टप... टप... टप सुरू. ज्याला त्रास नाही त्याला हसू येतं पण कान त्या पुढच्या थेंबाची वाट पाहत बसतो आणि झोप गेली ती गेलीच.

गंमत म्हणजे दिवसा नळ कमी गळायचा आणि रात्री जास्त. मला आधी वाटलं रात्री शांत असतं म्हणून तसं वाटत असेल, पण नाही, कारण साधं आहे. संध्याकाळी मोटर लावून स्लॅबवरची टाकी भरतो, रात्री ती फुल्ल असते. एकमजली घरात टाकीतलं पाणी नळापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच, त्यात टाकी भरली की अजून जवळपास मीटरभर भर, म्हणजे दाब चांगलाच वाढतो. सकाळी आंघोळी-धुणी झाली, टाकी अर्धी झाली की तोच नळ शहाण्यासारखा वागतो. म्हणून काकाजी एकदा दुपारी घरी आले तेव्हा नळ जवळपास बंदच, आणि मी खोटा ठरलो.

फोनवर सांगून झालं होतं. काकाजी मनानं वाईट नाहीत, पण दर वेळी तेच, "नळाचं काय घेऊन बसले भाऊ, फडकं बांधून टाका ना." तुम्ही म्हणाल स्वतःच बदलून टाक, दोनशे-तीनशेचा नळ आहे. तिथंच खरी अडचण होती, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहून राहिलो.

आधी प्लंबरला बोलावून वायसर बदलला. नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर बहुतेक वायसरच असतो, आणि नळ चालू केल्यावर वरच्या मुठीच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर वायसर नाही, ग्लँडचा दोरा ढिला झालेला असतो, हे त्यानंच सांगितलं. माझं तोंडातून होतं. नवा वायसर टाकला, काही दिवस सुखाचे गेले आणि पुन्हा टपटप. मग त्यानं नळ खोलून आत मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला दाखवलं. वायसर ज्या पितळेच्या गोल कडेवर बसतो ती सीट खाऊन गेली होती, एका बाजूला सुईनं टोचल्यासारखे खड्डे, आणि भोवती पांढरा क्षार असा चिकटलेला की नखानं निघेना. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या लोकांना सांगायला नको, बोअरचं पाणी खारं, बादलीला, गिझरला, नळाला सगळ्याला पांढरं करून सोडतं. सीट अशी खराब झाली की कितीही नवीन वायसर टाका, तो त्या खड्ड्यावर कापला जातो, आणि माणूस गळू नये म्हणून मूठ अजून जोरात आवळतो तर अजून लवकर कापला जातो. वायसर बदलूनही महिन्याभरात परत गळला तर समजायचं सीट गेली, नळच बदलावा लागतो.

आणि नळ बदलायला प्लंबर तयार नव्हता. म्हणे भिंतीतला पाइप जुना जीआय आहे, गंजलेला, पाना लावून नळ फिरवला तर नळाऐवजी आतला निप्पल तुटंल, मग टाइल फोडा, भिंत फोडा, मालकाला विचारल्याशिवाय मी हात लावत नाही. बरोबरच होतं त्याचं. रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा म्हटलं तर तोही क्षारानं जाम, चाक नुसतं गोल फिरते.

पत्र लिहायच्या आधी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मोजमाप. रात्री दहाला नळाखाली रिकामी बादली लावली, पहाटे पाचला लिटरच्या बाटलीनं मोजलं, चार लिटरच्या वर भरलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी काय होते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं हा आकडा झोपेपेक्षा जास्त बोलतो. दुसरं म्हणजे अकरा महिन्यांचा करार काढून वाचला. त्यात एकच ओळ होती, किरकोळ दुरुस्ती भाडेकरूनं करावी. मोठी कोणी करावी ते काहीच नाही.

एक वकील मित्र आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम १४ आहे, करारात उलट काही नसंल तर घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम, कमीत कमी पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकानं केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंतच. माझ्या हिशेबानं वर्षाचे छत्तीस हजार, म्हणजे नऊ हजारापर्यंत. मी खूश. तर तो म्हणे थांब, हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या गावा-शहरांनाच लागतो, तुझं खेडं त्यात नसंल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १०८, त्यातही खर्च कापता येतो पण जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे तीच, म्हणजे परत गाडी करारावर येते आणि तुझा करार गप्प आहे. म्हणून पत्रात कायद्याचा क टाकू नको, लेखी परवानगी घे, तीच तुझी नोटीस आणि तोच तुझा पुरावा. आणि परवानगी न घेता परस्पर भाडं कापू नको. मला हा सल्ला पटला, कारण तीन हजारात एवढं घर परत कुठं भेटते.

पत्र असं लिहिलं, नाव काढून जसंच्या तसं देतो:

"आदरणीय काकाजी, सप्रेम नमस्कार.
तुमची व काकूंची तब्येत ठीक असेल. घराबद्दल एक काम होतं म्हणून लिहितो.
बाथरूमचा भिंतीतला नळ पोळ्यापासून गळतो. वायसर माझ्या खर्चानं बदलला, तरी थांबला नाही. प्लंबरनं खोलून पाहिलं, आतली सीट खाऱ्या पाण्यानं खाल्ली आहे, फोटो पाठवला आहे. टाकी भरली की जास्त गळतो, तुम्ही दुपारी आले तेव्हा टाकी अर्धी होती म्हणून दिसला नाही. रात्री दहा ते पहाटे पाच बादली लावून मोजलं, चार लिटरच्या वर पाणी गेलं. भिंतीला खालून ओल येऊन रंगाचे पोपडे निघत आहेत. माझी शिफ्ट ड्युटी असल्यानं रात्रीच्या आवाजानं झोप होत नाही आणि कामावर लक्ष ठेवावं लागतं.
नळ बदलताना भिंतीतला जुना पाइप तुटू शकतो म्हणून तुमच्या परवानगीशिवाय हात लावला नाही. दोनपैकी एक करता येईल. तुम्ही तुमचा माणूस पाठवा, मी घर उघडून देतो. नाहीतर मी इथल्या प्लंबरकडून करून घेतो, नळ, पाइप, मजुरी मिळून त्यानं पंधराशेच्या आत सांगितलं आहे, बिल तुम्हाला देतो आणि तेवढी रक्कम पुढच्या भाड्यातून वजा करू. त्यापेक्षा जास्त लागलं तर काम थांबवून आधी फोन करीन.
येत्या पंधरा दिवसांत जे ठरेल ते दोन ओळीत लिहून कळवावं ही विनंती.
आपला,"

यात झोपेवर एकच वाक्य आहे, मुद्दाम. झोप माझी जाते, भिंत त्यांची जाते. ओलीचं वाक्य वाचूनच काम होणार हे मला माहीत होतं. आणि "लवकरात लवकर करावे" असं काही लिहिलं नाही, त्याला काही अर्थ नसते, तारीख पाहिजे आणि पर्याय पाहिजे, म्हणजे समोरच्याला नुसतं हो म्हणायचं काम राहते. पत्र दर्यापूरवरून स्पीड पोस्टनं टाकलं, पावती ठेवली, आणि त्याचाच फोटो काकाजींच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर, कारण पैसे शेवटी तो देते.

उत्तराची वाट पाहत असताना रात्रीचा जुगाड सांगतो. नळाच्या तोंडाला सुतळी बांधून खाली बादलीत सोडली की थेंब सुतळीवरून ओघळतो, टपकत नाही. सुतळी नसेल तर बादलीतल्या पाण्यात भांडे घासायचं लिक्विड थोडंसं टाका. मला हे खोटं वाटलं होतं पण २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांनी हाय-स्पीड कॅमेरा लावून दाखवलंय की तो टप आवाज थेंब आपटल्याचा नसतोच, थेंब पडल्यावर पाण्याखाली हवेचा बारीक बुडबुडा अडकतो, तो थरथरतो, त्याचा असतो. साबणानं पाण्याचा पृष्ठताण बदलला की आवाज बंद. गळणं मात्र चालूच, आणि साबणाचं पाणी मग फरशी पुसायलाच जाते.

चार दिवसांनी काकाजींचा फोन. "अहो भाऊ, सूनबाईनं वाचून दाखवलं, एवढं बारीक लिहिलं बाप्पा, भिंतीले ओल आली हे आधी काऊन नाही सांगितलं?" मी काही बोललो नाही. दुसरा पर्याय करा म्हणाले. मी म्हटलं काकाजी, तेवढं व्हॉट्सॲपवर टाकून द्या, तर मुलानं टाकलं, "करून घ्या, १५०० पर्यंत भाड्यातून कापा."

रविवारी प्लंबर आला. जाम व्हॉल्व्हचं काही होईना म्हणून टाकी रिकामी करून घेतली, ते पाणी ड्रमात आणि शेजाऱ्यांकडे दिलं. पाना लावला आणि व्हायचं तेच झालं, निप्पल आतच तुटला. एक टाइल काढावी लागली, आतला एल्बो हातानं चुरा होत होता, म्हणजे ओल नुसती नळाची नव्हती, एल्बोही पाझरत होता. तिथं सीपीव्हीसीचा तुकडा आणि पितळेच्या आट्याचा एल्बो बसवला. नळ मात्र मी पितळेचा चकचकीत घेणार होतो, ते पाव फेऱ्यात बंद होणारे, तर प्लंबर म्हणे त्यात आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, आपल्या पाण्यातल्या कचानं त्यावर ओरखडे पडतात मग तेही गळतात, साधा पीटीएमटीचा प्लास्टिक नळ घ्या, गंजत नाही, दोन-तीन वर्षांनी गेला तर पुढच्या वेळी हातानं निघंल. बाथरूमच्या लाइनवर एक छोटा बॉल व्हॉल्व्हही टाकून घेतला. सगळं मिळून चौदाशे वीस. बिल, तुटलेल्या एल्बोचा फोटो आणि भाड्याचा हिशेब, तीन हजारातून चौदाशे वीस वजा जाता पंधराशे ऐंशी, सगळं त्याच चॅटवर पाठवलं, तिकडून अंगठा आला.

कापूस वेचायच्या वेळी काकाजी गावात आले, चहा झाला, बाथरूममध्ये जाऊन नळ दोनदा चालू-बंद करून पाहिला, भिंतीवर हात फिरवला, बरं झालं म्हणाले. मग विचारलं, "जुना नळ कुठं टाकला? पितळ हाय ते." मी ठेवलाच होता पिशवीत, दिला.