परिच्छेद चाळीस

"एवढ्या सूचना आधी आल्या होत्या, तरी हे लोक झोपले होते का?"

नाही, झोपले नव्हते. नागपुरात लष्करी इतिहासावर कुठेही बोला, धरमपेठेतल्या सभागृहात की महालातल्या एखाद्या वाचनालयात, हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या मनात कधी कारगिल असतं, कधी २६/११, आणि त्याला हवं असलेलं उत्तरही ठरलेलं असतं: कुणीतरी मूर्ख होता किंवा कुणीतरी विकला गेला होता. दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. त्यासाठी ६ ऑक्टोबर १९७३ घेतो, इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर केलेला हल्ला. युद्धानंतर नेमलेल्या अग्रानात आयोगाने हेरखात्याच्या टेबलावरचे कागद एकेक करून तपासले. त्यामुळे कोणता कागद कधी आला आणि वाचणाऱ्याने त्याचं काय केलं, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार थोड्या प्रकरणांत दिसतं.

इस्रायलच्या लष्करी हेरखात्याचा एक सिद्धांत होता. इस्रायलचे विमानतळ दूरवरून उद्ध्वस्त करू शकतील अशी बॉम्बफेकी विमानं किंवा लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं हाती येईपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया एकटा उतरणार नाही. आज हे ऐकून लोक हसतात. पण तो सिद्धांत हवेतून आला नव्हता. इजिप्तच्या वरच्या वर्तुळातून बाहेर आलेली अस्सल कागदपत्रं त्यामागे होती आणि ती पुरवणारा अश्रफ मरवान हा खुद्द इजिप्तचे माजी राष्ट्राध्यक्ष नासर यांचा जावई होता. कागद खरे होते, त्यातलं मतही इजिप्तचं खरं मत होतं. फक्त ते जुनं झालं. २४ ऑक्टोबर १९७२ रोजी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी आपल्या सेनानींना बोलावून सांगितलं की आहे त्या शस्त्रांवरच लढायचं. विरोध करणारे युद्धमंत्री काही दिवसांतच घरी गेले. १९६७ मध्ये इस्रायलने घेतलेलं सगळं सिनाई जिंकायचं नव्हतंच. सुवेझ कालवा ओलांडायचा, पलीकडे काही किलोमीटरची पट्टी धरायची आणि आपल्या विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या छत्राखालीच थांबायचं. एवढ्याला लांब पल्ल्याची विमानं लागत नाहीत. शत्रूने उद्दिष्टच लहान केलं होतं आणि इस्रायली अधिकारी जुन्या, मोठ्या उद्दिष्टाला लागणारी सामग्री मोजत बसले होते.

त्यात १९७३ चा वसंत आला. युद्ध होणार अशा खबरा आल्या, त्यातली एक मरवानचीच होती. लष्कराने सज्जता वाढवली, बराच पैसा खर्ची पडला. हेरखात्याचे प्रमुख एली झाइरा त्याही वेळी म्हणत होते की युद्ध होणार नाही. झालं नाही. म्हणजे सावध राहणारे चुकले आणि निश्चिंत राहणारा बरोबर ठरला. पुढच्या वेळी कुणाचं ऐकलं जाणार, हे तिथेच ठरून गेलं. ती वसंतातली खबर खोटी होती की तारीख पुढे गेली होती, हे आजही कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. हुकलेली प्रत्येक खबर पुढच्या खबरीची किंमत कमी करते, मग ती खोटी असो वा नसो.

इजिप्तने हे ओळखून वापरलं. दर शरद ऋतूत कालव्याकाठी सराव व्हायचा. राखीव सैनिक बोलावायचे आणि परत घरी पाठवायचे, असं त्या वर्षी वीसहून जास्त वेळा झालं. पहिल्या वेळी शेजारी दचकतो. विसाव्या वेळी तो नोंद करतो आणि पुढचा कागद उचलतो. सैन्य लपवायची गरजच उरत नाही, त्याची सवय लावली की पुरतं. एक लाख माणसं आणि हजारावर तोफा वाळवंटात झाकता येत नाहीतच. झाकता येतो तो फक्त हेतू.

आता त्या शेवटच्या आठवड्याकडे येतो. त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

दक्षिण विभागाच्या हेरशाखेत बिन्यामिन सिमान-तोव्ह नावाचा एक लेफ्टनंट होता. १ ऑक्टोबरला आणि पुन्हा ३ तारखेला त्याने लिहून दिलं की कालव्यापलीकडचा सराव हे पांघरूण असावं, हालचाली सरावाच्या वाटत नाहीत. वरिष्ठाने ते टिपण पुढे पाठवलं नाही. मुख्यालयाचं मत 'सराव' असं होतं आणि टिपण त्याच्या विरुद्ध जात होतं. यात कट नव्हता. तुमच्या कार्यालयातही साहेबाच्या मताविरुद्धचं टिपण 'आणखी खात्री करून घ्या' म्हणून खालीच राहतं, ते तसंच राहिलं.

४ तारखेला कालव्याची हवाई छायाचित्रं घेतली गेली. एवढं दाट सैन्य तिथे पूर्वी कधीच दिसलं नव्हतं. त्याच रात्रीपासून सोव्हिएत सल्लागारांची बायकामुलं इजिप्त आणि सीरियातून विमानांनी घाईघाईने हलवली जाऊ लागली. या दुसऱ्या खबरीने हेरखातं खरोखर हादरलं, कारण सरावासाठी कुणी बायकामुलं हलवत नाही. पण तिच्यावरही स्पष्टीकरण निघालं: रशियन आणि अरब यांचं बिनसलं असावं, किंवा इस्रायलच हल्ला करील अशी रशियनांना भीती असावी.

५ ऑक्टोबरच्या अहवालात हे सगळं होतं. तोफा होत्या, पुलांचं साहित्य होतं, आक्रमक मांडणी होती. अगदी शेवटी, चाळिसाव्या परिच्छेदात निष्कर्ष आला: मांडणीत हल्ल्याची चिन्हं दिसत असली तरी बलाबलाविषयी इजिप्तचं मत बदललेलं नाही, म्हणून युद्धाची शक्यता कमी आहे.

हे एकदा सावकाश वाचा. एकोणचाळीस परिच्छेद डोळ्यांना दिसलेलं सांगतात आणि चाळिसावा मनात आधीपासून असलेलं सांगतो. कागद पूर्ण वाचला गेला होता आणि प्रामाणिकपणे लिहिला गेला होता. सूचना दुर्लक्षिली गेली नाही, तिला अर्थ दिला गेला. प्रत्येक चिन्हाला स्वतंत्रपणे एक निरुपद्रवी स्पष्टीकरण सापडत होतं. ही सगळी स्पष्टीकरणं एकाच वेळी खरी असणं किती अवघड आहे, हे मात्र कुणी मोजलं नाही.

मग कुणाचाच दोष नाही का? आहे, आणि इथे मला माझा स्वर बदलावा लागतो. इजिप्तच्या दळणवळणाच्या तारांवर इस्रायलने गुप्त श्रवणयंत्रं बसवली होती, ती अशाच वेळेसाठी. लष्करप्रमुख एलाझार ती चालू आहेत असं धरून होते. त्या आठवड्यात ती बहुतांश काळ बंद होती. तिकडून काही ऐकू येत नाही म्हणजे तिथे काही घडत नाही, अशी त्यांची समजूत झाली. हा दोष सिद्धांताचा नाही, ती यंत्रं ज्यांच्या हाती होती त्या झाइरांचा आहे. झाइरांनी पुढे आपली बाजू मांडली, पण त्याने माझं समाधान होत नाही.

६ तारखेला पहाटे चारच्या सुमारास शेवटची खबर आली. मोसादचे प्रमुख झ्वी झामीर लंडनला जाऊन मरवानला भेटले होते: आजच, संध्याकाळच्या सुमारास. तिचा अर्थ सहा वाजता असा धरला गेला. खरी वेळ दोनची होती. इजिप्तला दुपारनंतर हल्ला हवा होता, म्हणजे मावळतीचा सूर्य इस्रायली तोफचींच्या डोळ्यांवर येतो. सीरियाला नेमक्या त्याच कारणासाठी सकाळ हवी होती. दोघांची तडजोड दोनवर झाली होती. एलाझार यांनी आधीच विमानहल्ला करण्याची परवानगी मागितली, संरक्षणमंत्री दायान यांचा विरोध होता आणि पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी नकार दिला. राखीव सैन्य बोलवायला मात्र त्यांनी मान्यता दिली. सिनाईतले रणगाडे दुपारी चारनंतर पुढे न्यायचे ठरलं, उगाच चिथावणी नको म्हणून. दोनला तोफा सुरू झाल्या तेव्हा कालव्याच्या काठावर सोळा ठाण्यांत मिळून साधारण साडेचारशे माणसं होती. युद्ध संपेपर्यंत इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक मारले गेले.

मग सूचना मानली तरी कधी जाते? त्यासाठी आपल्याच गावाकडे बघा. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, जाहीर दरबारात स्वीकारली. ब्रिटिश रेसिडेंट जेंकिन्सने दुसऱ्याच दिवशी तेलंगखेडीच्या छावणीतली फौज हलवली आणि सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्या धरल्या. २६ च्या संध्याकाळी हल्ला झाला तेव्हा दीड हजाराच्या आसपासची ती फौज उंचावर बसलेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भोसल्यांची कितीतरी मोठी फौज हरली होती. जेंकिन्स फार चाणाक्ष होता असं मी म्हणणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी, ५ नोव्हेंबरला, खडकीला पेशव्यांनी ब्रिटिशांवर असाच हल्ला केला होता. 'मराठे दरबार तह मोडून उठणार नाहीत' हा त्याचा सिद्धांत पुण्यात दुसऱ्याच्या खर्चाने मोडला होता.

पूर्वी मी यावर एक उपाय ठामपणे सांगत असे. १९७३ नंतर इस्रायलने हेरखात्यात एक छोटा विभाग स्थापन केला, ज्याचं कामच मुख्य मताविरुद्ध युक्तिवाद करणं. नाव 'इफ्खा मिस्ताब्रा', म्हणजे साधारण 'उलटच शक्य आहे'. मी म्हणायचो, बघा, यांनी रोगावर औषध शोधलं. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर ते वाक्य मला म्हणता येत नाही. हमासच्या हल्ल्याची योजना वर्षभराहून आधी हाती आली होती. ती त्यांच्या ताकदीपलीकडची मानली गेली. कुंपणावर टेहळणी करणाऱ्या तरुणींनी सराव पाहून कळवलं होतं. आदल्या रात्री गाझात इस्रायली सिमकार्डं सुरू झाल्याचं दिसलं, पण तसं पूर्वीही झालं होतं. वरिष्ठ रात्री एकमेकांशी बोलले आणि सकाळी पुन्हा बघू असं ठरलं. साडेसहाच्या सुमारास हल्ला सुरू झाला. उलट बोलणारा विभाग तेव्हाही होताच. पण रोज उलट बोलणं हे ज्याचं काम, त्याचं आजचं उलट बोलणं वेगळं कसं ओळखायचं?

म्हणून आता मी सूचनेपेक्षा तिच्यावर उभ्या केलेल्या योजनेकडे बघतो. १९७३ ची इस्रायली योजना 'निदान अठ्ठेचाळीस तास आधी कळेल' या आश्वासनावर बेतलेली होती. कळेलच असं धरलं म्हणून काठावर साडेचारशे माणसं पुरेशी वाटली. जेंकिन्सला अप्पासाहेबांच्या मनातलं कळायची गरज नव्हती. टेकडी जवळ होती आणि चुकलं असतं तर फौजेची एक फेरी फुकट गेली असती, एवढंच. कालव्यावर तसं नव्हतं. तिथे प्रत्येक सावधगिरीला हजारो माणसं शेतातून, कारखान्यातून, दुकानातून उठवावी लागत होती, आणि इजिप्त तेच काम वर्षातून वीस वेळा करायला लावू शकत होता. पहिल्या वेळी उठायचं, तिसऱ्या वेळी उठायचं, की सतराव्या वेळी बसून राहायचं, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.