अंगारकीच्या दिवशी वीस जणांचे जेवण

महापे एमआयडीसीतील आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी आढावा बैठक होते आणि त्या दिवशीच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे असते. गेल्या खेपेस माणसे वीस होती आणि कर व पोहोच धरून ६००० रुपयांत सारे बसवायचे होते. बैठक बुधवारी ठरली होती, म्हणून मी आठवडाभर आधी सर्वांना शाकाहारी, मांसाहारी की जैन असे विचारले. नऊ मांसाहारी, आठ शाकाहारी आणि तीन जैन असा हिशेब आला. चिकनचा डबा २९०, साधा शाकाहारी २२० आणि जैन २४० रुपये, प्रत्येक डब्यामागे पॅकिंगचे १५ रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी आणि टेम्पोचे २०० रुपये धरले, तेव्हा बेरीज ५८६० रुपयांच्या आसपास आली. हे गणित जमल्याचे समाधान दोनच दिवस टिकले, कारण साहेबांच्या सोयीसाठी बैठक एक दिवस अलीकडे, म्हणजे मंगळवारी आणली गेली.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले तेव्हा त्या मंगळवारी संकष्टी असल्याचे दिसले, म्हणजे अंगारकी. एरवी संकष्टी न करणारी माणसेही अंगारकीचा उपास धरतात, आणि उपास नसलेल्यांपैकीही अनेक जण त्या दिवशी सामिष खात नाहीत. माझी यादी तारखेसकट निकामी झाली होती. या वेळी मी प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारला : "मंगळवारी दुपारी तुम्ही काय जेवणार?" उत्तरे अशी आली : उपास पाच जणांचा, चिकन तिघांना, साधे शाकाहारी नऊ जणांना आणि जैन पूर्वीप्रमाणे तिघांना. आधीच्या नऊ मांसाहारी सहकाऱ्यांपैकी तिघे उपास करणार होते आणि तिघे त्या दिवसापुरते शाकाहारी होते. बैठक हलवली तेव्हाच कॅलेंडर पाहिले असते, तर मला हे तेव्हाच सांगता आले असते.

उपासाचे पदार्थ नेहमीच्या खानावळीकडून मागवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. तिथे तीच कढई आणि तोच झारा कांदा-लसणाला वापरला जातो, आणि अंगारकीला साबुदाण्याची मागणी इतकी असते की दुपारपर्यंत खिचडी संपलेली असते. कोपरखैरण्यात घरगुती फराळ करून देणाऱ्या एका काकूंना मी आदल्या शनिवारीच सांगून ठेवले. माझ्या मनात खिचडी होती, पण काकूंनीच ती नाकारली. साबुदाणा डब्यात बंद झाला की वाफेने त्याचा गोळा होतो आणि गार झाला की तो चिवट लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी असा डबा त्यांनी सुचवला. आमटी वेगळ्या डबीत असल्याने भात मोकळा राहतो, आणि पुन्हा गरम केला तरी चव बिघडत नाही. पाच डब्यांचे ७५० रुपये ठरले. दाण्याचे कोणाला वावडे आहे का, तेवढे मी पाचही जणांना विचारून घेतले.

जैन जेवणाबाबत माझा पूर्वीचा अनुभव असा, की "कांदा-लसूण नको" एवढे सांगून भागत नाही. बटाटा, गाजर, बीट, मुळा आणि आलेही चालत नाही, आणि चूक बहुधा मुख्य भाजीत न होता कडेच्या पदार्थांत होते : कोशिंबिरीतले गाजर, लोणच्यातला लसूण, डाळीच्या फोडणीतले आले. म्हणून खानावळीच्या दादांना मी डब्यातील एकेक पदार्थ फोनवर विचारला. त्यांची नेहमीची ग्रेव्ही कांदा-टोमॅटोची असते. जैन पनीरसाठी ते टोमॅटो, काजू आणि मगज यांची वेगळी करतात. कोशिंबीर मी सगळ्याच डब्यांत फक्त काकडी-टोमॅटोची ठेवायला सांगितली, म्हणजे निदान त्या ठिकाणी गफलतीला वाव राहणार नव्हता. तंदुरी रोटी गार झाली की चामड्यासारखी होते, त्यामुळे पोळ्या मागवल्या.

चिकनचे सहा डबे कमी झाल्याने पैसे सुटले होते. त्यातून दोन जादा डबे घेतले आणि ते दोन्ही जैन घेतले, कारण जैन डबा उपास नसलेल्या कोणालाही देता येतो, साधा डबा मात्र जैन सहकाऱ्याला देता येत नाही. असे खानावळीचे सतरा डबे झाले आणि बिल ४५२० रुपयांचे झाले. उरलेल्या पैशांतून डेअरीतून पाच लिटर साधे ताक ४०० रुपयांना घेतले, म्हणजे प्रत्येकाला पाव लिटर. मसाला ताकात आले, कोथिंबीर किंवा हिंग असते आणि त्यामुळे जैन व उपासवाले दोघेही अडतात. साध्या ताकाला मात्र कोणाचीच हरकत नव्हती. मीठ आणि सैंधव वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले.

जेवण सव्वाला होते. साडेबारानंतर खानावळीत जेवणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि मोठी ऑर्डर मागे पडते, म्हणून आमचे डबे त्याआधी भरून सव्वाबाराला निघावेत असे ठरवले होते. ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडणे, गेटवरची नोंद आणि लिफ्ट यांसाठी मी पाऊण तास राखून ठेवला, कारण लवकर आलेले जेवण अर्धा तास थांबते, पण उशिरा आलेल्या जेवणामुळे बैठक थांबते. फराळ आणायला आमचे शिपाईमामा रिक्षाने गेले. त्याचे ८० रुपये झाले.

टेम्पो एक वाजायला दहा मिनिटे असताना आला. चिकनचे तीन डबे सांगितल्याप्रमाणे वेगळ्या पिशवीत होते, पण जैन डब्यांवर मी रंगीत चिकटपट्टी मागितली असताना झाकणांवर पेनाने खूण केलेली होती आणि वाफेने ती पुसट झाली होती. तीन डब्यांवर ती स्पष्ट वाचता येत होती, उरलेल्या दोहोंबद्दल खात्री नव्हती. खानावळीत फोन कोणी उचलेना. झाकण उघडून पाहिले तर सगळीकडे एकसारखीच केशरी ग्रेव्ही दिसली आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर तर मीच सर्वांना एकसारखी ठेवली होती, त्यामुळे ओळखण्याचे तेही साधन गेले होते. वास घेऊन अंदाज बांधणे मला पटले नाही. स्पष्ट खुणेचे तीन डबे मी तिन्ही जैन सहकाऱ्यांच्या हाती स्वतः दिले आणि शंकेचे दोन साध्या डब्यांत मिसळले. त्यातला एक बैठकीला आलेल्या पाहुण्यांच्या ड्रायव्हरदादांना दिला आणि एक शिपाईमामांनी घेतला. जादा जैन डबे घेतले नसते, तर त्या क्षणी एखाद्या जैन सहकाऱ्याला केवळ ताकावर बसावे लागले असते.

एक वाजून बारा मिनिटांनी पाने मांडून झाली. फराळाचे डबे वेगळ्या टेबलावर ठेवले होते आणि आमटी पेंट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम केली होती. टेम्पोचे २०० धरून एकूण खर्च ५९५० रुपये झाला. काकूंचे जीएसटीचे बिल नसल्याने त्यांच्याकडून सही केलेली साधी पावती घेतली, बाकीच्या बिलांसोबत लावली आणि उरलेले ५० रुपये त्याच संध्याकाळी लेखा विभागात जमा केले. पुढच्या बैठकीची तारीख आली आहे. ती गुरुवारी आहे, आणि त्या दिवशी कोण काय जेवणार हे मी आजच विचारले आहे.