स्क्रीनशॉटच्या नावातली वेळ

शनिवारी कोर्टाची धावपळ नसते, म्हणून त्या दिवशी मी ऑफिसात ग्राहक तक्रारींची कामं घेऊन बसते. १६ मार्च २०२४ च्या शनिवारी एक ताई आल्या. बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "मॅडम, दार लोटून घेऊ का?" वय त्रेचाळीस, शाळेत गणित शिकवतात, घटस्फोटाला सहा वर्षं झालेली. एका डेटिंग अ‍ॅपवरचं त्यांचं अकाउंट मंगळवारी रात्री बंद केलं गेलं होतं. आमच्या भागातल्या पोलीस चौकीत त्या आधीच जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना "असल्या अ‍ॅपवर जायचंच कशाला?" एवढंच ऐकायला मिळालं. हा प्रश्न मी फार वेळा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी मला राग येतो. बाईने रीतसर पैसे भरून सेवा घेतली होती, ती बंद झाली. त्यात चौकीने तिची चौकशी करायचं काहीच कारण नव्हतं.

अकाउंट का बंद केलं, हे कंपनीने सांगितलं नव्हतं. "आमच्या नियमांचं उल्लंघन झाल्यामुळे" एवढी एक ओळ. त्यावर ताईंनी दोन दिवसांत चार मेल पाठवले होते. चारही मी वाचले. पहिल्यात विनवणी होती, दुसऱ्यात संताप, तिसऱ्यात संपूर्ण आयुष्य आणि चौथ्यात कोर्टाची धमकी. चारही मेलना वेगवेगळे तक्रार क्रमांक पडले होते आणि चारहींना शब्दाशब्दाने सारखंच उत्तर आलं होतं, की निर्णय अंतिम आहे. आपला मेल वाचणारा माणूस दिवसभर असेच मेल वाचत असतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्याच्यासमोर चार अर्धवट गोष्टी ठेवल्या, तर तो एकही पूर्ण करून घेत नाही.

माझा ज्युनिअर म्हणाला, सरळ नोटीस काढू, एक लाख नुकसानभरपाई मागू. आमच्या व्यवसायात ही सवय खोल रुजलीय. नोटीस गेली की प्रकरण कंपनीच्या कायदा विभागात जातं, आणि तिथे अकाउंट सुरू करायचं बटण कुणाच्याच हातात नसतं. ताईंना पैसे नको होते, अकाउंट परत हवं होतं. म्हणून नोटीस बाजूला ठेवून पत्र लिहायचं ठरलं.

मी आधी पुरावा मागितला. इथेच खरी अडचण असते. अकाउंट बंद झालं की आतलं सगळं संभाषणही दिसेनासं होतं, म्हणजे ज्या जागेबद्दल भांडायचं तिथेच शिरता येत नाही. जे आधीच बाहेर निघालेलं असेल तेवढंच हातात उरतं. सुदैवाने ताईंनी त्या रात्री एक स्क्रीनशॉट घेऊन मैत्रिणीला पाठवला होता. एक गृहस्थ दोन दिवस बोलत होते, मग फोटो मागायला लागले. ताईंनी स्पष्ट नकार दिला, तेव्हा त्यांनी लिहिलं, "थांब, तुझं अकाउंटच बंद करून टाकतो." स्क्रीनशॉटमध्ये हे वाक्य होतं.

ताईंनी मला मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याच रात्री परत मागवलेली प्रत दाखवली. तिचं नाव होतं IMG-20240312-WA0007. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की मूळ नाव बदलतं, त्यात फोटो मिळाल्याची तारीख येते पण वेळ जाते. शिवाय तो लहान होतो, अक्षरं धूसर होतात. ताईंनी वर लाल बाणही काढला होता आणि कडा कापल्या होत्या. मी म्हटलं, "ही प्रत नको, तुमच्या फोनमधली मूळ फाइल शोधा." गॅलरीतल्या स्क्रीनशॉटच्या फोल्डरमध्ये ती मिळाली: Screenshot_20240312-214803. मी कागदावर आकडे फोडून लिहिले: वर्ष, महिना, दिवस, मग २१ वाजून ४८ मिनिटं ३ सेकंद. गणिताच्या बाई त्या, क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे वेळ नावातच आहे." नाव कुणीही बदलू शकतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. पण वरच्या पट्टीतलं घड्याळ ९:४८ दाखवत होतं, मैत्रिणीला संदेश गेला तो ९:५० ला. तीन ठिकाणच्या वेळा जुळल्या. अकाउंट बंद झाल्याचा मेल आला होता रात्री १०:३१ ला. मधली त्रेचाळीस मिनिटं हा आमचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

या वेळा मी दोन प्रकारे लिहिल्या. कंपनीच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. आपण ९:४८ लिहिलं आणि त्यांनी आपल्या नोंदीत ९:४८ ला शोधलं, तर तिथे काहीच सापडणार नाही. म्हणून पुढे लिहिलं: जागतिक प्रमाणवेळेनुसार १६:१८ आणि १७:०१.

मग पैशांच्या पावतीत एक गोम निघाली. तीन महिन्यांची वर्गणी गुगल प्लेमधून भरलेली होती, पण पावती ताईंच्या नव्हे, मुलाच्या जीमेलवर आलेली. फोन आधी मुलाचा होता, प्ले स्टोअर त्याच्याच खात्यावर राहिलं होतं. बाहेरच्या माणसाला हे कसं दिसेल? अकाउंट एका बाईच्या मोबाइल नंबरवर, पैसे दुसऱ्याच पुरुषाच्या खात्यातून. खोट्या प्रोफाइलची खूण म्हणून हे सहज धरलं जाऊ शकतं. ताई म्हणाल्या, मग पावती जोडूच नको. मी उलट सांगितलं, ही गोष्ट त्यांना दिसूही शकते, ती आपणच आधी सांगायची. GPA ने सुरू होणारा पावतीचा क्रमांक आणि त्याखाली कारणाची एक ओळ आम्ही जोडली. वर्गणी अजून चालूच होती. अकाउंट बंद झालं म्हणून गुगल प्लेमधली वर्गणी आपोआप थांबत नाही. ती तिथे जाऊन आपणच थांबवायला लागते. ती आधी थांबवली.

ओळखीसाठी ताईंनी पूर्ण आधार कार्ड स्कॅन करून आणलं होतं. मी ते बाजूला ठेवायला लावलं. आधारच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मिळते, ती काढली. आणि तीसुद्धा जोडली नाही, मागितल्यास देऊ एवढंच लिहिलं.

पत्र इंग्रजीतून जाणार होतं, पण आम्ही ते आधी मराठीत जुळवलं, कारण ताईंना प्रत्येक वाक्य आपलं वाटायला हवं होतं. ते असं:

"माझं अकाउंट १२ मार्च २०२४ रोजी रात्री १०:३१ वाजता, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार १७:०१ वाजता, बंद करण्यात आलं. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक आणि मेल खाली दिले आहेत. यापूर्वीचे चार तक्रार क्रमांकही दिले आहेत. ते बंद करून हे एकच पत्र विचारात घ्यावं.

त्याच रात्री ९:४८ वाजता, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार १६:१८ वाजता, एका सदस्याने, मी फोटो पाठवायला नकार दिल्यावर, माझं अकाउंट बंद करण्याची धमकी दिली. मूळ स्क्रीनशॉट 'अ' म्हणून जोडला आहे. अकाउंट बंद झाल्याचा मेल 'आ' आहे. वर्गणीची पावती 'इ' आहे. ती माझ्या मुलाच्या खात्यावर आहे, कारण हा फोन आधी तो वापरत होता.

माझ्या प्रोफाइलची चेहऱ्याची पडताळणी आधी झालेली आहे. मी ती पुन्हा करायला तयार आहे. ओळखपत्राची प्रत मागितल्यास देईन.

विनंती एवढीच, की एका व्यक्तीने हा निर्णय तपासावा आणि अकाउंट सुरू करावं. ते शक्य नसेल तर कोणत्या नियमाचं उल्लंघन झालं, ते कळवावं."

यावर आमचा पाऊण तास वाद झाला. ताईंना एक वाक्य हवंच होतं: "त्या माणसाने माझी खोटी तक्रार केली." मी ते खोडलं. तक्रार त्यानेच केली हे आपल्याला माहीत नाही, आणि तक्रार कुणी केली हे अ‍ॅप सांगत नाही. आपल्याजवळ एक धमकी आहे आणि त्रेचाळीस मिनिटांनंतरचा मेल आहे. दोन्ही शेजारी ठेवायचे, जोडायचं काम वाचणाऱ्याने करायचं. सिद्ध न होणारं एक वाक्य घातलं की बाकी सिद्ध होणाऱ्या पाच वाक्यांवरही संशय येतो. ताई म्हणाल्या, "वर्गात मुलं उत्तर बरोबर लिहितात, पण पायऱ्या लिहीत नाहीत, तेव्हा मी मार्क कापते. इथे तुम्ही पायऱ्या लिहिताय आणि उत्तर लिहू देत नाही." तरी त्यांनी मान्य केलं.

पत्र आम्ही मदत केंद्राला न पाठवता तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं कंपनीवर बंधनकारक आहे. पत्र पाठवलं तेव्हा मुदत अशी होती: चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल. निकाल पटला नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. या समित्या २०२३ च्या जानेवारीत नेमल्या गेल्या. पत्राच्या तळाशी एक ओळ होती, की हे पत्र या नियमांखालची तक्रार समजावी. धमकीचा एक शब्दही नव्हता. ताईंना बजावलं, तोवर दुसऱ्या नंबरवरून नवं अकाउंट उघडायचं नाही. बंदी असताना नवं उघडलं की तोच खराखुरा नियमभंग होतो, आणि मग आपल्या पत्राला अर्थ उरत नाही.

रविवारी पोच आली. नवव्या दिवशी, २५ मार्चला, धुळवडीच्या सकाळी ताईंचा फोन आला. अकाउंट सुरू झालं होतं. मेलमध्ये दोन ओळी: फेरतपासणीत चूक आढळली, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. चूक कुणाची, कसली, काही नाही. मला आनंद झाला, पण ताईंचा आवाज तसा नव्हता.

"मॅडम, उघडल्यावर तिसऱ्याच प्रोफाइलला तो दिसला. तोच फोटो, तेच नाव."

मी म्हटलं, त्याची तक्रार करा, तोच स्क्रीनशॉट जोडा, आता तर त्याची वेळही सिद्ध आहे. माझ्या डोक्यात पत्र तयार होतं. संध्याकाळी मी त्याचा मसुदाही केला. पण ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याची तक्रार केली आणि पुन्हा माझंच बंद झालं तर?"

तसं होणार नाही, असं मला त्यांना सांगता आलं नाही. पहिल्या पत्रातून मी ते वाक्य खोडलं ते बरोबरच होतं, आजही मी खोडेन. पण त्या खोडण्यामुळे तो माणूस कुणाच्याच नोंदीत आरोपी म्हणून आला नाही, हेही खरं. मसुदा ताईंच्या फोल्डरमध्ये आहे. तारखेची जागा रिकामी ठेवलीय.