साठाच्या वीस स्लाइड्स आणि अडलेल्या अकरा विहिरी

आमच्या बंधाऱ्याच्या कामाचं सादरीकरण सकाळी दहाला, आणि निधी देणाऱ्या संस्थेची मेल आदल्या रात्री: आपणास ४० ऐवजी २० मिनिटे मिळतील. त्यात प्रश्नोत्तरं धरली आहेत की नाहीत, याचा पत्ता नाही. रात्री फोन उचलायला अर्थातच कोणी नव्हतं. धरली आहेत असंच मानलं, म्हणजे बोलायला पंधराच मिनिटं, आणि साठ स्लाइड्सच्या वीस करायच्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही तेच माना.

संस्थेचा परिचय, गावाचा इतिहास, श्रमदानाचे फोटो हे सगळं पटापट उडवलं. अडलं ते विहिरींपाशी. अकरा विहिरी, प्रत्येकीची वेगळी स्लाइड, दर महिन्याला टेप सोडून मोजलेली पाण्याची पातळी. टेप सोडणारा आमचा गावातला कार्यकर्ता शेजारीच बसलेला. "ताई, ह्यातली एक पण काढू नका, उन्हातान्हात फिरलोय मी." खोटं नव्हतं त्याचं. मग त्यानेच सुचवलं, अकराही रेषा एकाच आलेखावर टाकू. टाकल्या, तर नुसत्या शेवया. शिवाय स्लाइड एक झाली तरी समजावायच्या रेषा अकराच, वेळ तेवढाच जाणार.

मग समिती काय विचारणार, तिथून उलटं निघालो. "पाणी वाढलं ते बंधाऱ्यामुळे, की यंदा पाऊसच जास्त म्हणून?" हे विचारतातच. याचं उत्तर द्यायला दोन विहिरी पुरतात. एक बंधाऱ्याच्या खालच्या अंगाची. दुसरी त्याच काळ्या दगडातली, साधारण तेवढीच खोल, पण बंधाऱ्याचं पाणी जिथे पोचत नाही अशी. पाऊस दोघींवर सारखाच. पावसाळा संपता संपता दोन्ही भरलेल्या असतात, त्यावरून काही ठरत नाही. फरक दिसतो तो मे महिन्यात. म्हणून वर पावसाचे खांब, खाली दोनच रेषा, आणि मेवर एक खूण. खोलीचा अक्ष उलटा घ्यायचा, शून्य वर. नाहीतर पाणी आटतं तशी रेषा चढत जाते आणि समोरचे खूश होतात.

खालच्या अंगाची विहीर निवडताना सगळ्यात भरलेली घ्यायचा मोह होता. मी मधली घेतली. "बाकीच्या दाखवा" म्हटल्यावर तोंडघशी पडायला नको.

विहिरींच्या मूळ स्लाइड्स डिलीट केल्या नाहीत, आभाराच्या स्लाइडमागे नेल्या. जागच्या जागी लपवल्या असत्या तर पडद्यावरचे क्रमांक सातावरून एकदम एकोणिसावर उडाले असते, आणि लोकांना वाटतं काहीतरी दडवलंय. स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड येते, म्हणून विहिरीचं नाव आणि क्रमांक एका चिठोऱ्यावर लिहून ठेवले. हो, जुन्या स्लाइड्सवरचं ॲनिमेशन काढा, क्लिक करण्यातच वेळ जातो.

प्रश्न आलाच, आणि "चौथी विहीर दाखवा" हेही. आकडा, एंटर. पण आमच्या आधीचे गृहस्थ पस्तीस मिनिटं बोलले, त्यांना कोणी थांबवलं नाही. त्यांना ती मेल गेलीच नव्हती म्हणे.